रागात लिहिलेली तक्रार सौम्य करायची का?

"ताई, ऑफिसातल्या सिनियरविरुद्ध तक्रार लिहिलीये, पण बहीण म्हणते फार भडक झालीये. सौम्य केली तर त्याने जे केलं ते किरकोळ वाटेल ना?"

सौम्य करायचीच नाहीये. अशीच एक मुलगी आलेली माझ्याकडे (ओळख लपवायला तपशील बदललेत), तिच्या पहिल्या पानावर होतं, "हा विकृत माणूस रोज छळतो, सगळ्यांना माहितीये." कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार तक्रारीची प्रत चौकशी करणारी कमिटी त्यालाही पाठवते आणि तो लेखी उत्तर देतो, म्हणजे "मी विकृत नाही, वीस वर्षांची सर्व्हिस आहे, रोज तर भेटतही नाही" एवढं लिहिलं की झालं, मूळ घटनेबद्दल एक अक्षर नाही.

मग आम्ही एकेक शब्द धरून बसलो. विकृत का वाटला, त्या दिवशी नेमकं काय केलं? बराच वेळ रडली, मग सांगितलं. ते असं उतरलं: "12 ऑगस्टला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पँट्रीत त्यांनी मागून येऊन माझ्या कमरेवर हात ठेवला. मी बाजूला झाले, 'नको' म्हणाले. त्यांनी पुन्हा हात ठेवला आणि म्हणाले, 'इतना क्या शरमाती हो'." यात एकही विशेषण नाही, आणि आता त्याला कमरेवरच्या हाताबद्दल, त्या 'नको'बद्दल उत्तर द्यावंच लागतं. तो हिंदीत बोलला तर हिंदीतच लिहायचं, घाण बोलला असेल तर ते घाणच, टिंबं देऊन झाकायचं नाही. "गैरवर्तन केलं" असलं गुळगुळीत वाक्य मला शिवीपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण त्यातून काहीच कळत नाही.

"रोज" खोडलं, त्याजागी आठवल्या तेवढ्या घटना आल्या. एकीची तारीख आठवेना तर "नक्की तारीख आठवत नाही, गणपतीच्या सुट्टीनंतरचा आठवडा" असंच लिहिलं, अंदाजाने तारीख टाकली आणि तो त्या दिवशी रजेवर निघाला तर बाकीच्यावरही शंका घेतात. "सगळ्यांना माहितीये" च्या जागी ज्या कलीगला तिने त्याच रात्री मेसेज केलेला तिचं नाव आलं.

"आयुष्य बरबाद केलं" खोडताना मात्र ती अडून बसली, आणि बरोबरच होतं तिचं, ते दुखणं तक्रारीत यायलाच हवं. फक्त असं: "तेव्हापासून मी पँट्रीत एकटी जात नाही. ते ज्या बसला असतात ती सोडून रिक्षाने जाते. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले, चिठ्ठी जोडली आहे."

रागाचा कागद फाडू नकोस, घरी ठेव, पण तो सुधारत बसून उशीर करू नकोस, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार जायला हवी, त्यापुढची मुदत कारण पटलं तरच मिळते. आणि चौकशी होईपर्यंत रिपोर्टिंग बदलून हवं असेल तर तेही लेखी माग, मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.