साथ, महासाथ आणि एंडेमिक: आधी नेहमीचा आकडा बघा

प्रश्न: एपिडेमिक, पँडेमिक आणि एंडेमिक यात नेमका फरक काय? बातमीत यातला एखादा शब्द आला तर आजार किती सिरीयस आहे ते कळतं का?

नाही कळत, आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. तिन्ही शब्द आजार किती पसरलाय आणि नेहमीच्या मानाने किती आहे एवढंच सांगतात. तो जीवघेणा आहे की चार दिवसांत बरा होणारा, हे त्यात येतच नाही.

मी काही वर्षं आरोग्य खात्यात साथरोगाच्या आकड्यांचं काम केलंय, तिथे एपिडेमिक म्हणजे साथ कशी ठरवतात ते डेंग्यूवरून सांगते. समजा एका तालुक्यात मागच्या पाच वर्षांत जुलै महिन्यात डेंग्यूचे 8, 11, 9, 12 आणि 10 पेशंट सापडले. सरासरी आली 10. आता दरवर्षी आकडा थोडा खालीवर होणारच, म्हणून त्या चढउताराचं माप (स्टँडर्ड डेव्हिएशन, इथे साधारण दीड) दुप्पट करून सरासरीत मिळवायचं, म्हणजे 13 ची रेघ आली. या जुलैत 25 निघाले तर साथ आहे असं समजून कामाला लागायचं, फवारणी, घरोघरी पाण्याची भांडी तपासणं वगैरे. पण तेच 25 पेशंट ऑक्टोबरमध्ये निघाले आणि तिथे ऑक्टोबरला दरवर्षी 40 च्या आसपास असतातच, तर ती साथ नाही. आकडा तोच पण अर्थ वेगळा, कारण तुलना त्याच गावाशी आणि त्याच महिन्याशी करायची असते. आणि हो, त्या पाचातल्या एखाद्या वर्षी मोठी साथ येऊन गेली असेल तर ते वर्ष हिशोबातून काढायचं, नाहीतर रेघ इतकी वर जाते की यंदाची साथ तिच्याखाली लपून जाते.

यात फसायला पण होतं. गावात नवीन लॅब सुरू झाली, टेस्ट तिप्पट झाल्या की पेशंट वाढल्यासारखे दिसतात, डास मात्र तेवढेच असतात. म्हणून नुसते पॉझिटिव्ह किती ते न बघता शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह ते आम्ही आधी बघायचो. तो दर जागेवर असेल आणि फक्त टेस्ट वाढल्या असतील तर बहुतेक वेळा जे आधी दिसत नव्हतं ते आता दिसायला लागलेलं असतं.

जिथे नेहमीचा आकडा शून्य आहे तिथे एक पेशंटसुद्धा पुरतो. भारतात पोलिओचा नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पेशंट जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, त्यामुळे उद्या असा एक जरी निघाला तरी त्याला उद्रेकच म्हणणार. उलट गडचिरोलीत मलेरियाचे पेशंट दरवर्षी असतातच, तिथे तो एंडेमिक आहे, म्हणजे त्या भागात कायम मुक्कामाला असलेला.

पँडेमिक म्हणजे बऱ्याच देशांत, वेगवेगळ्या खंडांत एकाच वेळी पसरलेली साथ, आपण महासाथ म्हणतो ती. 2009 चा स्वाईन फ्लू आठवा. जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 ला तो पँडेमिक जाहीर केला तेव्हा 74 देशांत मिळून 30 हजारांच्या आत-बाहेर पेशंट होते आणि बहुतेक जण औषधाशिवाय बरे होत होते. हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, पण शब्द ऐकूनच लोक घाबरले. मग 3 ऑगस्टला भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या, जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागला. ती भीती अगदी खोटी होती असंही नाही, कारण तरुण माणसं आणि गरोदर बायका काही वेळा फार पटकन गंभीर व्हायच्या. पण हे पँडेमिक या शब्दातून कळत नव्हतं, त्यासाठी कोण दगावतंय ते बघावं लागत होतं.

ऑगस्ट 2010 मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर झालं. विषाणू मात्र कुठे गेला नाही, तो नेहमीच्या फ्लूमध्ये मिसळला, पावसाळ्यात आणि थंडीत अजूनही डोकं वर काढतो आणि माणसं अजूनही त्याने जातात. म्हणून कोविडच्या वेळी "आता एंडेमिक झाला, म्हणजे सौम्य झाला" असं जे लोक म्हणायचे ते ऐकून मला खरंच त्रास व्हायचा. टीबी आपल्याकडे एंडेमिकच आहे, जगातले साधारण पाव पेशंट भारतात आहेत आणि दरवर्षी लाखो माणसं त्याने मरतात. पण आकडा दरवर्षी जवळपास तेवढाच येतो, म्हणून त्याला कोणी साथ म्हणत नाही.