इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने फोन करू?

*ताई, ठाण्यातल्या एका ऑफिसात मी अकाउंट्समध्ये होते. तिथल्या एका सीनियर ताईंनी मला सगळं काम शिकवलं. 2017 साली जीएसटीच्या पहिल्या रिटर्नच्या वेळी पोर्टल चालेना, मी रडकुंडीला आले होते, तेव्हा त्यांनी डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे ठेवलं. 2018 मध्ये नोकरी सोडली आणि त्यांना एक फोनही केला नाही. आता भेटावंसं वाटतं. पण काहीतरी काम असेल म्हणून आठवण झाली, असं त्यांना वाटेल ना?*
*– एक वाचक, डोंबिवली*

फोन नको, आधी मेसेज कर. वर्षानुवर्षांनी अचानक आलेला फोन म्हणजे पॉलिसी नाहीतर उसने पैसे, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. शिवाय त्या लोकलच्या गर्दीत असल्या तर 'बरं, बोलू नंतर' यावरच विषय संपतो, आणि पुन्हा फोन करायला तुझा हात धजत नाही.

नंबर अजून त्यांचाच आहे ना, हे जुन्या ऑफिसातल्या कुणाला तरी विचार. बंद झालेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिले जातात. 'ओळखलंत का?' असं विचारू नकोस, हल्ली फसवणारेही तशीच सुरुवात करतात. तुझ्याकडे ते थालीपीठ आहे, तीच तुझी ओळख. मी असं लिहिलं असतं:

"ताई, नमस्कार. मी (तुझं पूर्ण नाव), 2018 पर्यंत अकाउंट्समध्ये तुमच्या हाताखाली होते. काल थालीपीठ थापताना जीएसटीच्या पहिल्या रिटर्नचा तो दिवस आठवला. काम काही नाही, तुमच्याशी बोलावंसं वाटलं. पुढच्या शनिवारी चारनंतर ठाणे स्टेशनजवळ कॉफी घेऊया का? यायला जमणार नसेल तर फोनवर अर्धा तास गप्पा मारू. सवडीने कळवा."

'काम काही नाही' हे मात्र खरं असायला हवं. मनात नोकरीचं असेल तर ते याच मेसेजमध्ये लिही. कॉफी संपता संपता बायोडेटा पुढे केलास तर त्यांना फार लागेल. इतकी वर्षं फोन न केल्याची माफी मेसेजमध्ये नको, नाहीतर उत्तरात त्यांनाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. भेटल्यावर एका वाक्यात सांग.

निळ्या टिका दिसल्या नाहीत म्हणून खट्टू होऊ नकोस, पुष्कळ जण ती सोय बंदच ठेवतात. 'हो, नक्की भेटू' एवढंच उत्तर आलं तर लगेच वार विचार, नाहीतर ते 'नक्की' तसंच राहतं. काहीच आलं नाही तर दिवाळीला स्वतःच्या शब्दांत शुभेच्छा पाठव, फॉरवर्ड नको. त्यानंतर मात्र थांब.

आणि भेटल्यावर 'मिस्टर काय म्हणतात?' असं सहज विचारू नकोस गं. सात-आठ वर्षांत कुणाच्या घरात काय घडलं असेल, आपल्याला माहीत नसतं. 'तुम्ही कशा आहात?' एवढंच विचार आणि त्यांना बोलू दे.