प्लॉटचा व्यवहार मोडला तर टोकन परत मिळतं का?

प्रश्न: प्लॉटसाठी टोकन दिलंय, आता साठेखत करायचंय. व्यवहार मोडला तर पैसे परत मिळतात का? ताबा आणि मुदतीचं कलम कसं लिहावं?

आधी ते एजंटांचं पाठ वाक्य बाजूला ठेवा: "घेणाऱ्याने मोडला तर इसार बुडाला, देणाऱ्याने मोडला तर दुप्पट." हे वाक्य साठेखतात जसंच्या तसं टाकणाऱ्यांशी माझं कायम भांडण आहे. कलम 74 प्रमाणे (भारतीय करार कायदा, 1872) कागदावर लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं, त्यामुळे दुप्पट लिहून दुप्पट हातात पडेलच असं नाही. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात 25,000 दिले होते, त्यांतले इसाराचे फक्त 1,000 जप्त करता आले. बाकीचे 24,000 किमतीचा भाग धरले गेले.

म्हणून साठेखतात इसार किती आणि किमतीपोटी आगाऊ किती, हे वेगवेगळं लिहा. समजा प्लॉट 30 लाखांचा आहे, टोकन 1 लाख दिलंय, साठेखताला 5 लाख देणार आहात आणि उरलेले 24 लाख कर्ज काढून 90 दिवसांत. "एकूण 6 लाख इसारापोटी मिळाले" असं लिहिलंत की सगळे 6 लाख जप्त करायची वाट तुम्हीच मोकळी केलीत. "रु. 1,00,000 इसार, रु. 5,00,000 किमतीपोटी आगाऊ" असं लिहा.

खरी गडबड मुदतीत होते. 90 दिवस साठेखताच्या तारखेपासून मोजले जातात, पण सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावरून कमी करणं आणि मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, आणणं ही कामं विकणाऱ्याची असतात. कागद 80 व्या दिवशी हाती येतात, बँक दहा दिवसांत कर्ज सोडत नाही, आणि 91 व्या दिवशी मुदत चुकवल्याची नोटीस तुम्हालाच येते. त्यासाठी घड्याळ कागदांना बांधा:

"लिहून देणार यांनी बोजा कमी झालेला सातबारा व मोजणीची क प्रत लिहून घेणार यांना पोचपावतीने दिल्याच्या तारखेपासून 60 दिवसांत उर्वरित रक्कम देऊन खरेदीखत करावयाचे आहे. सदर कागद दि. ... पर्यंत न दिल्यास तो लिहून देणार यांचा कसूर समजला जाईल."

ती रिकामी तारीख भरायला विसरू नका. तिच्याशिवाय विकणारा कागद वर्षभर लांबवू शकतो आणि कसूर कुठल्या दिवशी झाला हे तुम्हाला दाखवता येत नाही. तारीख ठरलेली असेल तर करारपूर्तीच्या दाव्याची 3 वर्षांची मुदतही तिच्यापासूनच मोजतात.

कसुराच्या कलमात नुसतं "पैसे परत करावेत" पुरत नाही. 15 दिवसांची लेखी नोटीस, त्यानंतर 30 दिवसांत बँकेमार्फत परतावा, उशीर झाला तर दरसाल 12 टक्के व्याज, असं पायरीपायरीने लिहा. साठेखत नोंदवलेलं असेल तर रद्दलेखही नोंदवावा लागतो, आणि तिथे पेच पडतो. विकणारा म्हणतो आधी सही करा, मग पैसे देतो. तुमचं नाव नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू उताऱ्यात दिसत असेपर्यंत त्याला नवं गिऱ्हाईक सहज मिळत नाही, तोच तुमच्या हातातला पत्ता. म्हणून "रद्दलेखाच्या सहीच्या वेळीच डिमांड ड्राफ्ट द्यावा" हे कलमातच हवं. तुमच्या बाजूनेही एक ओळ घाला: बँकेने कर्ज नाकारल्याचं लेखी पत्र दाखवलं तर इसार सोडून बाकी रक्कम परत. ती नसेल तर कर्ज न मिळणं हा तुमचाच कसूर धरला जातो.

ताब्याची हौस साठेखतात करू नका. महाराष्ट्रात साठेखताने ताबा दिला, किंवा पुढे द्यायचं कबूल केलं, तरी त्या कागदाला खरेदीखताइतकी स्टँप ड्युटी लागू शकते. नंतर ती खरेदीखतात वळती होते खरी, पण मधेच व्यवहार फिसकटला तर एवढे पैसे अडकतात. "ताबा खरेदीखताने व त्याच दिवशी" एवढं पुरे, आणि दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी मसुदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

हे सगळं मालकाकडून थेट घेताय असं धरून लिहिलंय. रेरा नोंदणी असलेल्या लेआउटमधला प्लॉट असेल तर साठेखत नोंदवण्याआधी विकासकाला 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाही. टोकन रोखीने दिलं असेल तर पावती आजच घ्या. 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, त्यामुळे पावती द्यायला विकणारा का कू करेल. आणि कोर्टात जायची वेळ आलीच, तर करारपूर्तीबरोबर "नपेक्षा रक्कम परत मिळावी" ही मागणीही दाव्यात लिहायला सांगा. विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 22 प्रमाणे न मागितलेला परतावा कोर्ट देत नाही.