अरंगेत्रमसाठी अंबाडा घट्ट कसा बसवायचा?

माझे केस कमरेपर्यंत आहेत. भरतनाट्यमचं अरंगेत्रम तीन तास चालणार आहे. अंबाडा आणि गजरा शेवटपर्यंत टिकण्यासाठी काय करू?

पिनांची संख्या वाढवू नका, पाया पक्का करा. केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी धुतलेल्या केसांतून पिना सटकतात. पोनी जाड रबराने घट्ट बांधा, मग तिची वेणी घाला आणि ती रबराभोवती चपटी गुंडाळा. मोकळ्या केसांचा पीळ उड्यांमध्ये उलगडतो, वेणी उलगडत नाही. वर जाळी चढवा.

आता आकडे, म्हणजे यू पिना. सरळ आत खुपसलेला आकडा तासाभरात बाहेर येतो. आधी तो बाहेरच्या बाजूला तोंड करून अंबाड्याच्या कडेचे आणि डोक्यालगतचे थोडे केस एकत्र पकडा, मग उलटा फिरवून रबराच्या दिशेने आत सरकवा. असे सहा ते आठ पुरतात. टोचत असेल तर लगेच काढून पुन्हा लावा, तीन तास ते सहन होत नाही.

गजऱ्याचं पाणी आधी झटकून घ्या, ओला गजरा अंबाडा खाली ओढतो. तो काळ्या दोऱ्याने जाळीला चार-पाच ठिकाणी टाका घालून शिवा. पिन लावायचीच तर गजऱ्याच्या दोऱ्यातून घाला. फुलातून घातली की मोगरा फाटून गळतो. घामाने आणि दिव्यांच्या उष्णतेने मोगरा कोमेजू शकतो, म्हणून मध्यंतरासाठी दुसरा गजरा ओल्या फडक्यात ठेवा.

शेवटी मान जोरात हलवून बघा. अंबाडा डोक्यापासून वेगळा हलला तर रबर सैल आहे, पुन्हा पहिल्यापासून बांधा.