कॉलेजात खगोल मंडळ: नोंदणीपासून पहिल्या रात्रीपर्यंत

प्रश्न: एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. कॉलेजात खगोल मंडळ काढायचंय. नोंदणी कुठे करतात, कोणत्या सरांना विचारायचं, पैसे कोण मंजूर करतं आणि रात्री मैदानावर कार्यक्रमाला परवानगी मिळते का?

उत्तर:

मी याच जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सात वर्षं आमच्या खगोल मंडळाचं काम बघतो. तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टी शेवटी एकाच टेबलावर येतात, ते म्हणजे प्राचार्यांचं.

आधी नोंदणी. धर्मादाय आयुक्तांकडे जायची काही गरज नाही. तिथली नोंदणी स्वतंत्र संस्थेची असते. तिला किमान सात सभासद, घटना, दरवर्षीचे हिशेब असं सगळं लागतं, आणि एवढं करूनही कॉलेजच्या आवारात तुम्ही बाहेरचेच ठरता. कॉलेजातलं मंडळ उभं राहतं ते प्राचार्यांनी सही केलेल्या एका अर्जावर. अर्ज एका पानाचा ठेवा: मंडळाचं नाव, वर्षभरात काय करणार, पंधरा-वीस विद्यार्थ्यांची नावं, वर्ग आणि सह्या, आणि खाली मार्गदर्शक प्राध्यापकांची लेखी संमती. अर्ज आवक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. ही पोचची प्रत जपून ठेवा, कारण "तुमचा अर्ज आलाच नाही" या उत्तरावर तेवढा एकच उपाय आहे.

मार्गदर्शक म्हणून सगळे भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे जातात. माझं मत वेगळं आहे. आकाशाची माहिती तुम्ही वाचून मिळवाल, पण संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आवारात थांबायला कोण तयार आहे, हे आधी बघा. कॉलेजच्याच गावात राहणारे सर किंवा मॅडम हवेत, मग विषय भूगोल असो की मराठी. रोज तालुक्याहून येऊन-जाऊन करणाऱ्यांना हे जमत नाही, त्यांची इच्छा असली तरी. मुली येणार असतील तर एक मॅडम सोबत हव्यातच, तेव्हा पहिल्या अर्जातच दोघांची नावं घाला.

आता पैसे. नवी मंडळं इथेच अडकतात, आणि कारण साधं आहे. तुमचं वर्ष जूनला सुरू होतं, कॉलेजचं आर्थिक वर्ष एप्रिलला. अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीपुढे जातं ते त्याही आधी. जुलैत तुम्ही अर्ज करता तेव्हा त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तुमच्या मंडळाच्या नावाचं खातंच नसतं. नकार मिळाला तर तो बऱ्याचदा यामुळे असतो, प्राचार्यांना मंडळ नको असतं म्हणून नव्हे. उपाय असा की पहिलं वर्ष विज्ञान मंडळाची शाखा म्हणून काढा, खर्च त्यांच्या खात्यातून होईल. आणि डिसेंबरात पुढच्या वर्षाची स्वतंत्र मागणी द्या.

मागणीचे दोन भाग करा. आम्ही पहिल्यांदा एकत्रच 18,500 रुपये मागितले होते आणि सगळा कागद परत आला. नंतर दुर्बीण आणि स्टँड 14,000, आणि चालू खर्च 4,500 असं वेगळं लिहिलं. चालू खर्च त्याच बैठकीत मंजूर झाला, दुर्बीण पुढच्या वर्षी तीन दरपत्रकं घेऊन आली. दुर्बीण ही डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढणारी वस्तू, तिचा विचार वेगळा होतो. चालू खर्चात सिलिका जेल आणि हवाबंद डबा न विसरता लिहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने दुर्बीण कपाटात राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी धरते, आणि ती एकदा आत गेली की पुसून जात नाही. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून वाळवायचे किंवा बदलायचे.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. मुलांनी पन्नास-पन्नास रुपये गोळा केले, एका मुलाच्या फोनवर. नकाशांची छपाई त्यातून झाली, बिल त्याच मुलाच्या नावावर फाडलं. रक्कम कॉलेजच्या पावतीवर नव्हती म्हणून कार्यालयाने हिशेब धरला नाही, बिल कॉलेजच्या नावाचं नव्हतं म्हणून खर्चही धरला नाही. पै न पै खरी होती, तरी त्या मुलाला तीन महिने लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. म्हणून वर्गणी घ्यायचीच असेल तर कॉलेजच्या कॅश काउंटरवर, पावती फाडून. बिल प्राचार्यांच्या नावाने, तारखेसह. आणि सगळी बिलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात जमा करा, 31 मार्चला कार्यालयात कुणालाही वेळ नसतो.

रात्रीच्या कार्यक्रमाची परवानगी मिळते, पण "रात्री" हा शब्द अर्जात न लिहिता नेमकी वेळ लिहा. तिथी निवडाल तशी परवानगी सोपी किंवा अवघड होते. आम्ही पहिला कार्यक्रम जानेवारीत शुद्ध अष्टमीला ठेवला. त्या तिथीला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे अंधाराची वाट बघत बसावं लागत नाही. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि सावलीच्या सीमेवरची विवरं लांब सावल्यांमुळे खोल दिसतात. पौर्णिमेला तोच चंद्र सपाट वाटतो. साडेसहाला सुरुवात, आठला समारोप, आणि 8:20 ची शेवटची एसटी सगळ्यांना मिळाली. अमावस्येचा तारकापुंजांचा कार्यक्रम दुसऱ्या वर्षासाठी ठेवा, त्याला उशीर होतो आणि तेवढा विश्वास आधी कमवावा लागतो.

आमच्या अर्जात हे होतं: मैदानाचा नेमका कोपरा, बेचाळीस विद्यार्थी, त्यांतल्या मुली किती, हजर राहणारे दोन प्राध्यापक, कोण कोणत्या गाडीने घरी जाणार याची यादी, पालकांची संमतीपत्रं. शिवाय दोन विनंत्या, मैदानाकडचा दिवा दीड तास बंद ठेवावा आणि स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे द्यावी. दिव्याची विनंती प्राचार्यांनी मंजूर केली, पण वॉचमनकाकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सातला त्यांनी रोजच्यासारखा मोठा दिवा लावला आणि सगळ्यांचे डोळे दिपले. अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा नीट बघू लागायला वीसेक मिनिटं जातात. तेव्हापासून मंजूर अर्जाची एक प्रत आदल्या दिवशी आम्ही स्वतः वॉचमनकाकांच्या हातात देतो.

माईक मागू नका. मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावायचा तर ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे लेखी परवानगी लागते, म्हणजे पोलीस ठाण्यात आणखी एक अर्ज. चाळीस जणांना मोठ्या आवाजात सांगितलेलं पुरतं. बाहेरचे वक्ते किंवा दुसऱ्या कॉलेजची मुलं येणार असतील तर मात्र त्यांचा उल्लेख अर्जात हवाच.

समुद्रकिनाऱ्यावर कार्यक्रम करायचा मोह होईल, तिथे अंधार छान असतो. पहिल्या वर्षी नको. आवाराबाहेर गेलात की ती सहल ठरते, आणि 2016 साली रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ते इथले प्राचार्य विसरलेले नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत अहवाल द्या: हजेरीपत्रक, तीन-चार फोटो, खर्चाचा तक्ता, बिलं. कॉलेजला नॅकसाठी ही कागदपत्रं लागतातच, आणि तुमच्या पुढच्या अर्जाला प्राचार्य हीच फाईल उघडून बघतात.