गिरणीचं पीठ की पाकिटातलं? डब्यातल्या पोळीवरून ठरवा

प्रश्न : "पुण्यात राहतो, घरात चौघं, रोज अठरा-वीस पोळ्या. सासूबाई म्हणतात गहू आणून गिरणीतूनच दळायचे. पण गिरणीच्या पिठाच्या पोळ्या दुपारी डब्यात वातड होतात, पाकिटातल्या पिठाच्या मऊ राहतात. पाकिटात मैदा किंवा काही घालतात म्हणून असं होतं का? महिन्याचा हिशोब बघता काय परवडेल?"

आधी मैद्याचं. पाकिटावर घटकांमध्ये फक्त गव्हाचं पीठ लिहिलं असेल, तर पोळी मऊ राहायला आत मैदा असावा लागत नाही. कणकेचा गोळा नळाखाली धुऊन जो रबरासारखा चिकट लगदा उरतो, तो दाखवून "बघा, पाकिटात काय घालतात" असे व्हिडिओ फिरतात. हाच प्रयोग गिरणीच्या पिठावर करा, तोच लगदा निघेल. ते ग्लुटेन आहे, गव्हातलंच. पोळी ताणली जाते ती त्याच्यामुळे. सरकारी नियमात तर आट्यात ग्लुटेन किमान ६ टक्के असावं अशीच अट आहे.

पाकिटातलं पीठ मऊ का, तर कारखान्यात वेगवेगळ्या भागांतला गहू ठरावीक प्रमाणात मिसळतात, त्यामुळे दर पाकिटाला कणीक जवळपास सारखी येते. दुसरं, पीठ बारीक आणि एकसारखं असतं. दगडी चक्कीवर बारीक दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण थोडे चिरडले जातात आणि असे कण पाणी जास्त धरतात. कणकेत पाणी जास्त मुरलं की पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. तुमच्या गिरणीतही दगडच फिरतात, म्हणजे हे तिथेही होऊ शकतं. होत नसेल तर कारण बहुतेक या तिघांत सापडेल : गहू, दळण किंवा मळणं.

गव्हापासून सुरू करते. आपल्याकडे दुकानात लोकवन आणि सिहोर ही दोन नावं जास्त चालतात. लोकवन म्हणजे गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेली लोक-१ जात. रोजच्या पोळीला चांगली, भावही आटोक्यात. सिहोर म्हणून विकतात तो मध्य प्रदेशातला शरबती, दाणा टपोरा, चमकदार, पोळी गोडसर आणि मऊ. अडचण एवढीच की 'सिहोर' पाटी लावलेल्या प्रत्येक पोत्यात शरबती असतोच असं नाही. बन्सी रवा-शेवयांसाठी ठीक, खपलीची खीर उत्तम होते, पण रोजच्या घडीच्या पोळीला या दोन्ही जाती घेऊ नका. खपलीची कणीक ताण धरत नाही, लाटताना कडा फाटतात.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी परीक्षा म्हणजे आठ-दहा दाणे तोंडात टाकून सावकाश चावत राहायचं. लहानपणी शेतावर सगळ्यांनी केलंय हे. पिठूळ भाग गिळला जातो आणि मागे चिकट, लवचिक गोळी उरते. गोळी नीट जमली आणि ओढल्यावर ताणली गेली, तर कणीक ताण धरेल. तोंडात नुसता भुगा होऊन विरघळला, तर तो गहू पोळीला नको, नाव काहीही असो. पसंत पडला तरी लगेच तीस किलो घेऊ नका. दोन किलो आणून दळा, डब्यात देऊन पाहा, मग पोतं उचला. उन्हाळ्यात आलेला अगदी नवा गहूही कणकेला जरा चिकट होतो. महिना-दोन महिने राहिला की सुधारतो.

आता दळण. तुमच्या वातड पोळीचं मूळ बहुधा इथे आहे. पीठ भरड असेल तर कोंड्याचे मोठे तुकडे पाणी लगेच पीत नाहीत. मळताना कणीक सैल वाटते म्हणून आपण पाणी आवरतं घेतो. नंतर डब्यात तोच कोंडा आजूबाजूचा ओलावा ओढतो आणि पोळी कोरडी पडते. गिरणीवाल्याला "बारीक, पोळीचं" असं स्पष्ट सांगा आणि पहिलं पीठ खाली पडायला लागलं की चिमूट घेऊन अंगठा आणि बोटात चोळून बघा. कणी बोटाला टोचली तर तिथेच थांबवून दगड जवळ करायला सांगा. चांगला गिरणीवाला स्वतःच मधूनमधून हात घालून असं बघत असतो.

पण बारीकलाही मर्यादा आहे. दगड फार आवळले किंवा गिऱ्हाइकं खोळंबलीत म्हणून घाई केली, की पीठ इतकं तापतं की हात धरवत नाही आणि भाजल्यासारखा वास येतो. पीठ जळलं म्हणतात ते हेच. ग्लुटेनला उष्णता सोसत नाही, मग कणकेला ताण राहत नाही आणि पोळी लाटतानाच चिरते. कोमट पीठ येणं साहजिक आहे, चटका बसणारं नको. दरवेळी असंच येत असेल तर सकाळी गिरणी सुरू होतानाच दळण टाकून पाहा. तरीही फरक पडला नाही तर गिरणी बदला.

रांगेत आपल्या आधी काय दळलंय हेही बघायचं. दगडांमध्ये आणि वाटेत आधीच्या दळणाचं पीठ अडकून राहतं, ते तुमच्या पहिल्या किलोभरात उतरतं. आधी ज्वारी-बाजरी असेल तर तेवढ्या पिठाची पोळी तुटते, हरभराडाळ असेल तर वासावरूनच कळतं. म्हणून गव्हाच्या दळणामागे आपलं लावायचं. दगडाला नुकतीच टाकी मारली असेल तर त्या दिवशी दळण परत घरी आणा. थोडं दळण होऊन जाईपर्यंत पिठात कचकच येऊ शकते आणि कितीही चाळलं तरी ती जात नाही.

घरी आणल्यावर डब्याचं झाकण लगेच लावायचं नाही. गरम पीठ बंद केलं की आत घाम सुटतो, गोळे होतात, पुढे जाळी धरते. परातीत किंवा जुन्या सुती चादरीवर पसरून पूर्ण गार झालं की भरायचं. आणि एका वेळी दळायचं किती, तर दहा-बारा दिवसांचं. अख्ख्या गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतं. दाणा फुटला की ते हवेशी येतं आणि हळूहळू खवट होतं. चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवून बघा, शेवटी कडसर लागलं तर ते उतरायला लागलंय. तुम्हाला दिवसाला साधारण अर्धा किलो पीठ लागत असणार, म्हणजे पाच-सहा किलोचं दळण पुरे. सासूबाईंना महिन्याचं एकदम दळायची सवय असेल तर निम्मं पीठ फ्रीजमध्ये ठेवा.

मळताना, गिरणीच्या पिठाला पाकिटापेक्षा वेगळा हात लागतो. पाण्याचं माप ठरवून ठेवू नका, कारण दर गव्हाला ते बदलतं. कणीक सुरुवातीला हाताला चिकटेल इतकी सैल भिजवा आणि झाकून निदान अर्धा तास ठेवा. तेवढ्यात कोंडा पाणी पितो आणि कणीक आपोआप घट्ट होते. मग तेलाचा हात लावून पुन्हा मळा. सकाळी डब्याच्या घाईत भिजवून लगेच लाटत असाल, तर हा एकच बदल आधी करून पाहा. बाकी काही न बदलता फरक दिसेल. चाळणीत वर राहणारा कोंडा फेकू नका, पण तो खूप राहत असेल तर दळण भरड आहे एवढं समजा.

पैशांचा हिशोब मांडून देते, भाव तुमच्या दुकानाचे घाला. महिन्याला १५ किलो पीठ धरू. लोकवन ४० रुपये किलो असेल तर निवडण्यातली घट धरून साडेपंधरा किलोचे ६२० रुपये, दळणाचे किलोला ७ प्रमाणे सुमारे १०५, म्हणजे ७२५. दळताना थोडा ओलावा उडतो आणि थोडं सांडतं, हातात पावणेपंधरा किलो पीठ येतं. किलोला ४९ रुपये पडले. पाच किलोचं पाकीट २६० ला मिळालं तर किलोला ५२. फरक महिन्याला पन्नासच्या आत. तेच गहू ५५ रुपयांचा शरबती घेतला तर गिरणीचं पीठ किलोला ६५ च्या आसपास जातं, पाकिटापेक्षा महाग. तेव्हा बचतीसाठी गिरणी धरू नका. चव आवडते, गहू आपल्या डोळ्यांसमोरचा असतो आणि निवडायला घरात कोणाला तरी वेळ आहे, यासाठी धरा. नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि गहू निवडायचं काम एकट्या सासूबाईंवर पडत असेल, तर ते पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

गहू साठवायचा असेल तर कडक उन्हात दोन दिवस वाळवून, गार करून, कोरड्या पत्र्याच्या कोठीत भरा. काही जण कडुलिंबाचा पाला घालतात, काही एरंडेल चोळतात, दोन्ही चालतं. बोरिक पावडर चोळलेला गहू नीट न धुता दळला जातो, म्हणून मी ती घरात आणतच नाही. आणि गोदामात वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या घरातल्या कोठीत कोणी कितीही खात्रीने सुचवल्या तरी नाही म्हणजे नाही. त्यातून निघणाऱ्या वायूने बंद घरात झोपलेली माणसं दगावली आहेत.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाकीट येतं. हवेतल्या ओलीने गहू मऊ पडतो, दगडात नीट दळला जात नाही, पीठ ओलसर येतं आणि आठवड्यात सोंडे दिसायला लागतात. पाकिटातलं पीठ टिकतं ते त्यात औषध असतं म्हणून नव्हे. गहू यंत्रावर साफ केलेला असतो, पिठातला ओलावा आटोक्यात असतो (नियमाने १४ टक्क्यांच्या आत) आणि मोठ्या कारखान्यांत पीठ जोरात आपटून किड्यांची अंडी मारणारं यंत्रही असतं. पाकीट उघडलं की हा फायदा संपतो. म्हणून पावसाळ्यात दहा किलोचं न घेता पाच किलोचं घ्या, दुकानात पुढे मांडलेलं न उचलता मागच्या पाकिटाची उत्पादनाची तारीख वाचून घ्या आणि उघडल्यावर पिशवीतच न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात काढा.