मशीनमध्ये भरलेले पैसे कमी जमा झाले

प्रश्न: कॅश डिपॉझिट मशीनमध्ये ४० नोटा टाकल्या, खात्यात ३८ नोटांचेच पैसे आले. उरलेले कसे मिळतील?

उत्तर: आधी पावती बघा. त्यावर ३८ नोटाच छापल्या असतील, तर स्क्रीनवरचा तोच आकडा तुम्ही घाईत मान्य केला असावा. तरीही दोन नोटा आत अडकलेल्या असू शकतात. म्हणून त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या: मशीनचा क्रमांक, व्यवहार क्रमांक, वेळ, किती नोटा टाकल्या, किती जमा झाल्या. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. बँक मशीनमधली रोकड मोजून नोंदीशी ताळा करते. रोकड तेवढीच जास्त निघाली की फरक खात्यात जमा होतो. ताळा तंतोतंत जुळला तर मात्र प्रकरण अवघड. मग सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला लेखी सांगा.